बाईंच्या निरोपाचं कॅरोसेल: आठवण मागायची कशी?

शाळेतल्या बाईंच्या निरोपासाठी इन्स्टाग्रामवर कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत बघायच्या स्लाइडची पोस्ट, करायची आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘बाईंबद्दल दोन शब्द लिहा’ असं टाकलंत, तर पन्नास जणांकडून ‘तुमच्यामुळेच आम्ही घडलो’ हेच येईल. त्याऐवजी नेमकं विचारा: बाईंचं कोणतं वाक्य अजून कानात आहे? कोणत्या तासाला काय घडलं होतं? मग ‘बाई खूप प्रेमळ होत्या’ऐवजी ‘भागाकार चुकला की बाई वहीत लाल शेरा न मारता पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढायच्या’ असं काहीतरी हाती लागतं. स्लाइड त्याचीच होते.

एका स्लाइडवर एकच आठवण, पंचवीस-तीस शब्दांत, खाली नाव आणि दहावीचं वर्ष. काटछाट केलीत तर लिहिणाऱ्याला एकदा दाखवा. सगळ्या स्लाइड १०८० × १३५० पिक्सेलच्या ठेवा. मापं वेगळी असली की कडेचे शब्द कापले जातात. जुना वर्गफोटो मात्र आडवा असतो. तो कापू नका, वरखाली कोरी जागा सोडून अख्खाच बसवा, नाहीतर नेमकी कडेची मुलं गायब होतात (आणि तीच आधी तक्रार करतात!). अक्षरं मोठी हवीत, बाई चष्मा लावून फोनवर वाचणार आहेत. नुसते आभार लिहिणाऱ्यांची नावं शेवटच्या स्लाइडवर एकत्र द्या.