खणाचा अंब्रेला घागरा नीट का पडणार नाही

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आपण दिलेल्या खणाचा पूर्ण घेराचा अंब्रेला घागरा शिवण्यापूर्वी एक अडचण कळवणे मला आवश्यक वाटते. या घागऱ्याची झोळ कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याच्या, भागामुळे पडते. मात्र आपला खण दाट विणीचा आणि ताठ असल्याने त्याच्या लाटा खाली न उतरता कंबरेपासूनच बाहेर फुगतील. शिवाय गोल कापात समोरच्या बुट्ट्या उभ्या, तर बाजूच्या आडव्या दिसतील, आणि पन्हा लहान असल्यामुळे जोड नको तिथे येतील.

खात्रीसाठी खणाचा एक कोपरा चिमटीत धरून कापड लोंबते सोडावे. घड्या मऊपणे खाली न येता तंबूसारख्या उभ्या राहिल्या, तर घागराही तसाच दिसेल. अस्तराने हा ताठपणा कमी होत नाही, उलट वाढतो.

माझ्या मते याच खणाचा कळ्यांचा घागरा करावा. प्रत्येक कळीच्या मध्यावर उभा धागा ठेवल्यास बुट्ट्या सरळ राहतील, आणि कळ्या कंबरेला अरुंद असल्याने तिथे फुगवटा येणार नाही; घेर मात्र थोडा कमी मिळेल. अंब्रेलाच हवा असल्यास जॉर्जेट घ्यावे व खण काठाला लावावा. आपला निर्णय कळेपर्यंत कापडाला कात्री लावणार नाही.

आपला,
शिंपी