पहिल्यांदा सिम्फनी ऐकताना एकच धून धरून ठेवा
चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी (१८९३) घ्या. चार भाग, साधारण ४०-४५ मिनिटं. पहिल्या भागाची संथ प्रस्तावना दोनेक मिनिटांत संपते आणि हॉर्नवर एक धून झपकन वर चढून खाली उतरते. ती गुणगुणता येईपर्यंत तेवढाच तुकडा ऐका, मग सगळी सिम्फनी सलग लावा. शफल मात्र बंद हवं. ही धून पुढच्या तिन्ही भागांत परत येते. दुसऱ्या भागातल्या कोर आंग्ले या फुंकवाद्याच्या हळव्या चालीत ती विसरायलाच होते, पण त्या भागाच्या शेवटाकडे ट्रॉम्बोन तीच ठणकावून वाजवतात. त्यानंतर मोजकी तंतुवाद्यं वाजता वाजता मध्येच थांबतात. भाग तिथे संपलेला नसतो, त्यामुळे सभागृहात असाल तर टाळ्या आवरा.