एकच लेखक, कधी एकटा, कधी सहलेखकांबरोबर: संदर्भसूची लावण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी शैली पक्की करा. विभागाने किंवा नियतकालिकाने दिलेली सूचना लेखी हातात हवी, कारण ज्या ठिकाणी गोंधळ होतो नेमक्या त्याच ठिकाणी शैली वेगळ्या होतात. खाली मी एपीएची सातवी आवृत्ती (२०२०) धरून लिहितोय. तिचा नियम असा: लेखकाची एकट्याची लेखनं आधी, वर्षाच्या क्रमाने. मग त्याच्या नावाने सुरू होणारी संयुक्त लेखनं, दुसऱ्या लेखकाच्या आडनावाच्या क्रमाने. दुसरा लेखकही तोच असेल तर तिसऱ्याच्या आडनावाने. सगळी नावं त्याच क्रमाने तीच असतील तेव्हाच वर्ष बघायचं. शिकागो आणि एमएलए यांतही एकट्याची लेखनं आधी आणि मग दुसऱ्या नावाचा क्रम, हीच मुख्य रीत आहे.

आडनाव आधी, आद्याक्षर नंतर, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे चला.

नोंदी एक्सेलच्या तक्त्यात घ्या. अख्खी नोंद एका ओळीत ठेवून ती ओळ लावू नका. पहिला लेखक, दुसरा लेखक, तिसरा लेखक, वर्ष आणि शीर्षक, प्रत्येकाला स्वतंत्र रकाना हवा. लेखकाच्या रकान्यात आडनाव आणि आद्याक्षरं दोन्ही येऊ द्या, म्हणजे अ. जोशी आणि प. जोशी एकमेकांत मिसळणार नाहीत. चार-पाच लेखकांच्या नोंदी असतील तर तेवढे रकाने वाढवा.

आणि आता रिकाम्या रकान्यांत शून्य भरा. ज्या लेखाला दुसरा लेखक नाही, त्याच्या ‘दुसरा लेखक’ रकान्यात शून्य. तिसरा नाही, तिथे शून्य. एकही घर रिकामं सोडू नका. मागच्या वेळी माझं हेच राहिलं होतं, आणि सूची वरवर बघता इतकी नीटनेटकी दिसत होती की चूक मार्गदर्शकांच्या टेबलावर पोचेपर्यंत कळली नाही. कारण साधं आहे. एक्सेल रिकामं घर नेहमी सगळ्यात शेवटी टाकतं, क्रम चढता लावा की उतरता. आपल्याला बरोबर उलटं हवं असतं: ज्याच्यापुढे काहीच नाही तो आधी, ज्याच्यापुढे नाव आहे तो नंतर. आकडा मात्र अक्षरांच्या आधी लागतो, म्हणून शून्य.

हे उदाहरणावर करून बघा. अ. जोशी यांची एकट्याची दोन लेखनं आहेत, २०१२ आणि २०२१ ची. साने यांच्याबरोबर २००८ चं एक. काळे यांच्याबरोबर २०१९ चं एक. काळे आणि देव या दोघांबरोबर २०१५ चं एक, आणि काळे आणि बापट यांच्याबरोबर पुन्हा २०१५ चंच एक. शिवाय २०१० चा एक लेख आहे, त्यात काळे पहिले आणि जोशी दुसरे. हा शेवटचा जोशींच्या गटात येतच नाही. तो ‘काळे’खाली जातो, आणि छापील नावांचा क्रम आपल्या सोयीसाठी उलटा करायचा नाही. उरलेल्या सहांचा बरोबर क्रम असा: जोशी २०१२, जोशी २०२१, जोशी आणि काळे २०१९, जोशी, काळे आणि देव २०१५, जोशी, काळे आणि बापट २०१५, आणि सगळ्यात खाली जोशी आणि साने २००८.

सगळ्यात जुना लेख सगळ्यात खाली आलेला बघून हात शिवशिवतात. त्याला वर ओढू नका. काळे हे साने यांच्या आधी येतात, विषय संपला. २०१९ चा लेख २०१५ च्या दोघांच्या वर का, याचंही कारण तेच: काळे यांच्यापुढे तिसरं नाव नाही, म्हणून तो आधी.

आता शून्य न भरता हाच तक्ता लावला तर काय होतं ते बघा. जोशींची एकट्याची दोन्ही लेखनं साने यांच्याही खाली, गटाच्या तळाशी जातात. काळे २०१९ हा देव आणि बापट यांच्या खाली घसरतो. म्हणजे तपासायची खूण सोपी आहे: गटाची पहिली ओळ एकट्याची नसेल, तर शून्य राहिलंय. ज्यांनी एकट्याने काहीच लिहिलेलं नाही अशा लेखकांच्या गटात ही खूण मिळत नाही. तिथे दोन नावांची नोंद तीन नावांच्या खाली गेली आहे का ते बघा. लावण्याआधी रकाना निवडून रिकामी घरं शोधा आणि शून्य भरा.

अख्खी ओळ लावू नका असं वर म्हटलं, त्याचं कारण ‘आणि’. दोन लेखकांच्या नोंदीत पहिल्या नावानंतर लगेच ‘आणि’ येतं, तीन लेखकांच्या नोंदीत दुसरं नाव येतं. यंत्र ‘आणि’लाही नाव समजून ‘आ’ पाशी लावतं, त्यामुळे ‘आणि साने’ हे ‘काळे, देव’ यांच्या वर चढतात. ‘व’ वापरत असाल तर नोंदी खाली, ‘व’ पाशी जाऊन बसतात. इंग्रजी नोंदींत & हे चिन्हही अक्षरांच्या आधी लागतं, म्हणजे खोड तीच. झोटेरोसारखी साधनं नावं वेगवेगळ्या घरांत भरली असतील तर एपीएचा क्रम नीट लावतात. दोन्ही नावं एकाच घरात टाइप केली असतील तर तीही फसतात.

क्रम लागला की मजकुराकडे या. एपीएत तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात ‘जोशी व इतर, २०१५’ असं लिहितात. पण इथे २०१५ चे दोन लेख आहेत आणि दोन्ही असेच दिसणार. इथे ‘२०१५अ’ आणि ‘२०१५ब’ करू नका. एपीएत अ-ब फक्त सगळे लेखक आणि वर्ष तंतोतंत तेच असेल तेव्हा. इथे वेगळेपणा दिसेपर्यंत नावं वाढवायची: ‘जोशी, काळे आणि देव, २०१५’. मागे एकच नाव उरत असल्यामुळे ‘व इतर’ लावायचंच नाही.

स्प्रिंगरच्या बऱ्याच नियतकालिकांत मात्र तीन किंवा जास्त लेखकांच्या नोंदी नावाने नाही, वर्षाने लावतात. वाचकाला मजकुरात ‘जोशी व इतर’ आणि वर्ष एवढंच दिसतं, म्हणून तो वर्षानेच शोधणार. दोन लेखकांच्या नोंदी तिथेही सहलेखकाच्या नावाने, आणि तीनवाल्यांच्या आधी. म्हणजे साने २००८ वर जातो आणि देव-बापट तळाशी. म्हणूनच शैली आधी विचारा म्हटलं.

बाकी झटपट. अ-ब द्यायची वेळ आलीच तर शीर्षकाच्या वर्णक्रमाने द्या, आणि सूची गोठल्यावरच, नाहीतर एक नोंद वाढली की मजकुरातलं प्रत्येक अक्षर बदलत बसाल. अ. जोशी आणि अ. वि. जोशी एकच व्यक्ती आहे का ते आधी तपासा. नावाऐवजी रेघ मारायची शैली असेल तर सगळे लेखक तेच असतील तिथेच मारा. ऐन वेळी नवी नोंद आली तर ती हाताने मध्ये घुसवू नका. तक्त्यात टाका, तिच्या रिकाम्या घरांत शून्य भरा आणि तक्ता पुन्हा लावा.