किंमत अशी लिहा की ‘सगळं मिळून किती?’ असं कुणी विचारणार नाही

विक्रीच्या मजकुरात ‘किंमत रास्त, कर व शिपिंग अतिरिक्त’ अशी ओळ दिसली की मी पुढे वाचत नाही. त्यात किंमतच सांगितलेली नसते. ‘सगळं एका तक्त्यात टाका, ग्राहक समजून घेईल’ हा सल्लाही तसाच कुचकामी. ग्राहक हिशेब करत बसत नाही. त्याला खिशातून शेवटी किती जाणार तो आकडा हवा असतो आणि बिलावर तोच आकडा दिसायला हवा असतो.

वस्तूच्या किमतीपासून सुरुवात करा. घरगुती ग्राहकाला विकत असाल तर करासहित एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याला लागूनच ‘सर्व करांसह’ असं म्हणा. पानाच्या तळाशी बारीक टाइपात नको. ग्राहक व्यावसायिक असतील तर करपूर्व किंमतही द्या, कारण काहींना भरलेल्या कराची वजावट मिळते. पण ती दुसऱ्या ओळीत आणि लहान अक्षरात.

करासहित आकड्यातून कर वेगळा काढताना बरेच जण चुकतात. समजा करासहित किंमत १,१८० आहे आणि दर १८ टक्के. १,१८० चे १८ टक्के काढले तर २१२.४० येतात, पण तो कर नव्हे. कर मूळ किमतीवर लागतो, म्हणून १,१८० ला १०० ने गुणून ११८ ने भागायचं. मूळ किंमत १,००० आणि कर १८०. चुकीच्या रीतीने मूळ किंमत ९६७.६० धरली तर तिच्यावर कर लावल्यावर १,१४१.७७ होतात. जाहिरात एक सांगते आणि बिल दुसरंच, ते इथून.

आता शिपिंग. मला सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच करावी लागली, आणि ग्राहकांच्या तक्रारीही इथेच जमतात.

‘किंमत १,१८० सर्व करांसह, शिपिंग ८०’ ही ओळ वरवर स्वच्छ दिसते. वाचणारा मनात १,२६० धरतो. पण अनेक कररचनांमध्ये विक्रेत्याने वस्तूबरोबर आकारलेल्या शिपिंगवरही वस्तूचाच कर लागतो. मग ८० वर १४.४० चढतात आणि बिल १,२७४.४० चं होतं. रक्कम किरकोळ आहे, पण पैसे भरायच्या पानावर आकडा वाढलेला दिसला की ग्राहकाला वाटतं आपल्याला गंडवलं. ‘सर्व करांसह’ हे शब्द फक्त वस्तूला लागू होते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून शिपिंगचा आकडाही करासहितच लिहा आणि तसं स्पष्ट म्हणा. वरच्या उदाहरणात मी सरळ ९५ धरेन. त्यात मूळ शुल्क ८०.५१ आणि कर १४.४९. मजकूर असा:

‘वस्तू १,१८० + शिपिंग ९५ = एकूण १,२७५. दोन्ही रकमा सर्व करांसह. यापलीकडे काही आकारले जाणार नाही.’

बिलावर मूळ रक्कम १,०८०.५१, कर १९४.४९ आणि बेरीज १,२७५. बेरीज जाहिरातीतल्या एकूण आकड्याशी जुळते. शेवटचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. माल पोचल्यावर रोख घेण्याचं वेगळं शुल्क असेल तर तेही याच जागी आलं पाहिजे.

अंतरानुसार किंवा वजनानुसार शिपिंग बदलत असेल तर ‘शिपिंग ६० पासून’ असं लिहू नका. ‘पासून’ हा सोयीचा शब्द आहे, पण विक्रेत्याच्या सोयीचा. वाचणाऱ्याच्या डोक्यात ६० च राहतात. त्याऐवजी वरची मर्यादा द्या: ‘शिपिंग पत्त्यानुसार ६० ते १४०, करांसह. पत्ता टाकताच नेमका आकडा दिसेल, पैसे भरण्याआधी.’ वजनाचे टप्पे असतील तर जास्त खपणाऱ्या दोन-तीन वस्तूंचा हिशेब मांडून दाखवा, बाकीच्यांचा अंदाज त्यावरून येतो.

‘१,००० वरील खरेदीवर शिपिंग मोफत’ या ओळीवर मात्र मी अडून बसतो. बरोबर १,००० ची खरेदी त्यात बसते का? १,००० करासहित की करपूर्व? आणि सूट धरण्याआधीची रक्कम की नंतरची? कुणी १,०६२ ची वस्तू घेतली, १०० ची सूट वापरली आणि रक्कम ९६२ वर आली की शिपिंग अचानक परत उगवतं. सूट घेतली म्हणून खर्च वाढला, असा त्याचा समज होतो आणि तो फारसा चुकीचाही नसतो. ओळ लांबली तरी चालेल, पण पूर्ण लिहा: ‘सूट वजा करून, करांसह रक्कम १,००० किंवा त्याहून जास्त झाली तर शिपिंग मोफत.’

सुटीचंही तसंच. टक्क्यांतली सूट कराआधी धरा की नंतर, शेवट एकच येतो. ठरावीक रकमेची सूट तशी नसते. १,१८० मधून १०० गेले तर १,०८० उरतात. मूळ १,००० मधून १०० वजा करून मग कर लावला तर १,०६२. ‘अंतिम किमतीतून १०० कमी’ एवढे चार शब्द पुरतात.

राउंडिंग एकदाच करा, एकूण बेरजेवर.

बिलाबद्दल लिहिताना ‘बिल हवे असल्यास कर वेगळा’ हे वाक्य कधीही वापरू नका. याचा सरळ अर्थ असा की वर दिलेल्या किमतीत कर धरलेलाच नव्हता. जाणता ग्राहक तिथूनच मागे फिरतो. ‘बिल उपलब्ध’ हेही अर्धवटच आहे, कारण कोणतं बिल, कधी आणि कुणाच्या नावावर, यातलं काहीच त्यात नाही. मी असं लिहितो:

‘प्रत्येक ऑर्डरसोबत कराचे बिल मिळते, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. वस्तू पाठवली त्याच दिवशी बिल ईमेलने येते. फर्मच्या नावावर हवे असल्यास नाव, पत्ता आणि कर क्रमांक ऑर्डर देतानाच भरा.’

‘ऑर्डर देतानाच’ हे शब्द वगळू नका. निघालेल्या बिलावरचं नाव नंतर बदलणं म्हणजे बहुतेक ठिकाणी आधीचं रद्द करून नवं काढणं, आणि हिशेबाचा महिना सरला असेल तर गुंता वाढतो. ती माहिती भरायचे रकानेही पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर ठेवा, नंतरच्या नव्हे. तुम्ही कराचं बिल देऊ शकत नसाल, कारण तुमची नोंदणीच नाही, तर ‘साधी पावती मिळेल, त्यावर कर दाखवला जात नाही’ असं लिहा. आणि मग किमतीपुढचं ‘सर्व करांसह’ काढून तिथे नुसतं ‘अंतिम किंमत’ ठेवा, नाहीतर कोणीतरी कराचा तपशील मागणारच.

मजकूर झाला की एक खरी ऑर्डर टाका: सूट वापरून, सगळ्यात लांबच्या पत्त्यावर, फर्मच्या नावाने. वस्तूच्या पानावर वाचून कागदावर काढलेली बेरीज आणि ईमेलने आलेलं बिल शेजारी ठेवा. फरक पडला तर बहुधा शिपिंगच्या करात किंवा सुटीच्या क्रमात पडलेला असतो, तिथेच आधी बघा.