घरून दुकानातली टॅली उघडताना या चुका टाळा

पासवर्ड बरोबर, सकाळी चाललाही होता. रात्री घरून रिमोट डेस्कटॉप जोडायला गेलं की विंडोज सांगतं, खातं लॉक झालंय. थोड्या वेळाने उघडतं, तासाभराने पुन्हा तेच. अकाउंटंट फोन करतो, "शेठ, पासवर्ड बदललात का?" शेठनी कशाला हात लावलेला नसतो. बाहेरचं कुणीतरी अंदाजाने पासवर्ड मारत बसलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

सांगलीतलं एखादं हार्डवेअरचं दुकान धरा. नेटवाल्याने राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा 3389 हा पोर्ट थेट काउंटरच्या कॉम्प्युटरकडे वळवून दिला आणि विंडोजच्या खात्याचं नाव ठेवलं admin. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. खात्री करायची तर दुकानातल्या मशीनवर `eventvwr.msc` चालवा, Windows Logs मध्ये Security उघडा आणि 4625 क्रमांकाच्या नोंदी पाहा. Source Network Address समोर अनोळखी पत्ते आणि admin, test, user अशा नावांची रांग दिसली की समजायचं, दार उघडं आहे.

यावर पोर्टचा नंबर बदलून देणारे बरेच भेटतात. त्याने फक्त नोंदी कमी होतात, दार उघडंच राहतं. राउटरमधला तो नियम काढूनच टाका आणि दोन्ही कॉम्प्युटरवर टेलस्केलसारखं व्हीपीएन बसवा. मग 100 ने सुरू होणारा जो पत्ता मिळतो, तोच रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा. व्हीपीएन ज्या ईमेलने उघडता, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी हवीच, नाहीतर कुलूप बदलून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं होईल.

आता खातं. मालकांचं अॅडमिन खातं वापरू नका. स्वतःसाठी वेगळं साधं खातं काढून घ्या आणि ते Remote Desktop Users मध्ये घालायला सांगा. पासवर्ड लांब हवा. काउंटरवर चालणारा पिन इथे चालत नाही, पहिल्या दिवशी बरेचजण तिथेच अडकतात. दुकानात विंडोज होम असेल तर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जोडताच येणार नाही, प्रो लागेल. आणि प्रोवरही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही आत शिरलात तर बिल करणाऱ्याची स्क्रीन जाते. वेळ आधी ठरवून घ्या.

काम संपल्यावर खिडकीची फुली दाबून उठू नका. त्याने फक्त जोडणी तुटते, टॅली आत चालूच राहते. टॅली बंद करून Sign out करा.

टॅलीचा डेटा पासवर्डने कुलूपबंद करणारं टॅलीव्हॉल्ट लावलंत तर तो पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला आणि शेठच्या तिजोरीत ठेवा. विसरला तर डेटा परत मिळत नाही. बॅकअपचा पेनड्राइव्ह मात्र मशीनला लावून ठेवू नका. रॅन्समवेअर शिरलं तर पेनड्राइव्हवरच्या फाइलीही लॉक होतात.