एसटीओ की कॉन्टॅक्टर? मोटर थांबवताना या चुका टाळा

कुठल्याही नव्या मशीनचं पॅनेल उघडलं की मी आधी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि मोटर यांच्या मधे काय आहे ते बघतो. तिथे एकुलता एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा स्विच, असेल आणि तो गार्डच्या दारावरून सुटत असेल, तर पुढचा संवाद मला पाठ आहे. "साहेब, मोटरची वायरच तोडली. याहून सेफ काय असणार?"

एक स्लिटर-रिवाइंडर होता, प्लॅस्टिक फिल्म कापून परत रोलवर गुंडाळणारा, १५ किलोवॅटची मोटर. दर रोलला दार उघडायचं, दर वेळी कॉन्टॅक्टर चालत्या ड्राइव्हचं आउटपुट तोडायचा. अधूनमधून ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप व्हायचा. पोरं रिसेट मारून पुढे जायची, कारण रिसेटचं बटण हाताशी होतं. आठ महिन्यांनी एका पाळीत ऑपरेटरने दार उघडलं, दाराचा लाल दिवा लागला, आणि रोल फिरतच राहिला. कॉन्टॅक्टरचे तिन्ही पोल चिकटले होते. दिवा कॉइलच्या सर्किटवर होता, त्याला कॉन्टॅक्टचं काय झालं ते कुठून कळणार? इमर्जन्सीचं बटणही त्याच कॉन्टॅक्टरवर, म्हणजे तेही फुकट. ऑपरेटरने रोलकडे बघून हात मागे घेतला म्हणून निभावलं. शेवटी कोणीतरी धावत जाऊन मेन आयसोलेटर पाडला.

चिकटले का? मोटर म्हणजे कॉइल, तिच्यातला करंट झटक्यात शून्य होत नाही. तो उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमधल्या आर्कमधून वाट काढतो. ५० हर्ट्झवर करंट दर १० मिलिसेकंदांनी शून्यातून जातो आणि आर्क विझायला संधी मिळते. मोटर ३ हर्ट्झवर रांगत असेल तर हीच संधी १६७ मिलिसेकंदांनी येते. ड्राइव्हने मोटर शून्य वेगाला धरून ठेवली असेल तर तो करंट डीसीच समजा, संधी येतच नाही. कॉन्टॅक्टरवर छापलेले अँपिअर ५० हर्ट्झसाठी आहेत, रोल तणावात धरणाऱ्या रिवाइंडरसाठी नाहीत. उलट बाजूला, ड्राइव्ह चालू असतानाच कॉन्टॅक्टर परत लागला तर मोटर एकदम पूर्ण व्होल्टेजवर येते. ती अधूनमधूनची ओव्हरकरंट ट्रिप यातूनच येत होती.

एसटीओ, म्हणजे सेफ टॉर्क ऑफ, मोटर तोडायचं हेच काम ड्राइव्हच्या आतून करतो. दोन स्वतंत्र चॅनेलनी मोटरला वीज देणाऱ्या आयजीबीटी स्विचच्या गेटचे पल्स बंद होतात, मोटरला फिरतं क्षेत्र मिळत नाही, टॉर्क नाही. ड्राइव्ह चालूच राहतो. झिजायला कॉन्टॅक्ट नाही, आर्क नाही, दिवसाला शंभरदा दार उघडा. कॉन्टॅक्टरने हीच पातळी गाठायची तर दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये हवेत, आणि दोघांचे मिरर कॉन्टॅक्ट, म्हणजे मेन पोलशी यांत्रिकपणे बांधलेले छोटे कॉन्टॅक्ट, सेफ्टी रिलेच्या फीडबॅकला हवेत. साधा ऑक्झिलरी चालत नाही, कारण मेन पोल चिकटला असतानाही तो 'सुटलो' म्हणून सांगू शकतो. ड्राइव्हला एसटीओ नसेल, किंवा एका ड्राइव्हवर चार मोटरी असून एकच थांबवायची असेल, तर कॉन्टॅक्टर ठेवा. पण मी आधी ड्राइव्हचा एनेबल सोडतो आणि कॉन्टॅक्टर १०० ते २०० मिलिसेकंदांनी. ही वेळ थांबण्याच्या हिशेबात धरतो.

आता माझीच चूक. त्या रिवाइंडरवर मी एसटीओ लावला, दार उघडून दाखवलं, सगळे खूश. तेव्हा स्पिंडलवर रिकामी नळी होती. पुढच्या आठवड्यात भरलेल्या रोलवर स्टॉपवॉच लावलं, तर दार उघडल्यापासून पूर्ण थांबायला १४ सेकंद. साध्या स्टॉप बटणाने तोच रोल ब्रेक रेझिस्टरच्या जोरावर २ सेकंदांत थांबायचा. एसटीओ आला की ड्राइव्ह ब्रेकही लावू शकत नाही, मोटर मोकळी सुटते. कॉन्टॅक्टरही नेमकं हेच करत होता, फक्त तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. मशीनच्या विजेच्या आयईसी ६०२०४-१ मानकाच्या भाषेत दोन्ही स्टॉप कॅटेगरी ०, म्हणजे वीज तोडून मोकळं सोडणं.

सुरक्षित अंतराच्या आयएसओ १३८५५ चा हिशेब घ्या, S = K × T + C. S म्हणजे अंतर, T म्हणजे थांबायचा वेळ, वरचा C इथे सोडून देऊ. चालत येणाऱ्या माणसासाठी K म्हणजे सेकंदाला १६०० मिलिमीटर. १४ सेकंद म्हणजे दार रोलपासून किमान २२.४ मीटरवर हवं. तिथे जेमतेम अर्धा मीटर होता.

म्हणून एसएस१, म्हणजे सेफ स्टॉप १: आधी ड्राइव्हने रॅम्पवर वेग उतरवायचा, मग एसटीओ. सेफ्टी रिलेचा लगेच सुटणारा कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या स्टॉप इनपुटला दिला, उशिरा सुटणारे दोन एसटीओच्या दोन चॅनेलना. रॅम्प २ सेकंदांचा, उशीर ३ सेकंदांचा. तरी १६०० × ३ म्हणजे ४.८ मीटर, तेही नाहीत. त्यामुळे दाराला लॉक लागलंच. लॉक टायमरवर सोडायचा मोह होतो, पण हा एसएस१ रॅम्प खरंच झाला का ते बघत नाही. रॅम्प फसला तर ३ सेकंदांनी एसटीओ पडतो आणि तिथून पुढे रोल आपल्या मर्जीने थांबतो. मी स्पिंडलवर दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर लावले, स्टँडस्टिल रिलेला जोडले, आणि लॉक त्याच्यावर सोडलं. एरवी अडीच-तीन सेकंदांत दार उघडतं, रॅम्प फसला तर सतरापर्यंत लागतात.

उभ्या अक्षावर नुसता एसटीओ लावू नका, वजन खाली येईल. मेकॅनिकल ब्रेक हवाच.

दुसरा माझा राग म्हणजे एसटीओ दाबून मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडणारे. एसटीओ टॉर्क काढतो, वीज काढत नाही. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस, म्हणजे आतल्या कपॅसिटरवर साठलेली डीसी, ५८५ व्होल्टच्या आसपास असतो आणि तो तसाच भरलेला राहतो. एक आयजीबीटी शॉर्ट असेल तर मोटरची टर्मिनल थेट त्या बसला जोडलेली असतात, मोटर निवांत उभी असली तरी. हात घालायचा तर आयसोलेटर पाडा, कुलूप लावा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग बसच्या दोन टोकांवर मीटर लावा. घाई आहे म्हणणाऱ्याला मी चहाला पाठवतो, तेवढ्यात कपॅसिटर उतरतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. एसटीओचे दोन चॅनेल एका वायरवर बांधले की दुसरा चॅनेल शोभेचा. एसटीओ साध्या पीएलसी आउटपुटवरून चालवू नका. ड्राइव्ह वाचवायला इनपुटचा कॉन्टॅक्टर दर दाराला पाडू नका, प्रीचार्ज रेझिस्टर जळतो आणि बस भरलेला असल्याने मोटर लगेच थांबेलच असंही नाही. नव्या ड्राइव्हवर कंपनीने २४ व्होल्टपासून एसटीओपर्यंत लावलेला जंपर काढला का ते डोळ्यांनी बघा. सेफ्टी रिलेच्या वायरी शेजारी छान लावलेल्या आणि जंपर तसाच, असं पॅनेल मी पाहिलंय.

आणि दार बंद केल्याकेल्या रोल फिरायला लागला, तर रन कमांड धरून ठेवलेली आहे. एसटीओ परत आल्यावर ड्राइव्हला नवीन स्टार्टचा पल्स लागेल असं सेटिंग करा आणि रिसेटचं बटण दाराबाहेर अशा जागी लावा, जिथून आतला माणूस दिसतो.