निरोपाच्या जेवणात आभाराचे दोन शब्द कसे बोलावेत

टोस्ट म्हटलं की आपल्याकडे चहात बुडवायचा टोस्ट आधी आठवतो. पेला उंचावून बोलायची सवय आपल्याला नाही. आपल्याला सवय आहे आभारप्रदर्शनाची, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी सगळे चपला शोधत असताना कोणीतरी ‘आभार मानून परकं करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहू’ म्हणतो, त्याची. लांबच्या सहलीनंतर मित्रांपुढे हे वाक्य अजिबात चालत नाही. ज्याने रात्री दोन वाजता तुमच्यासाठी दार उघडलं, त्याला आपल्या नेमक्या कोणत्या ऋणात राहताय ते ऐकायचं असतं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही नऊ जण नाशिकहून निघून हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलो. सोळा दिवसांची सहल होती आणि दहाव्या दिवशी ती मोडायच्या बेतात आली होती. परत आल्यावर गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात निरोपाचं जेवण ठरलं, कारण दुसऱ्या दिवशी शेठ नागपूरला, डॉक्टर पुण्याला आणि बंड्या त्याच्या आईला घेऊन बंगळुरूला जाणार होता. बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं केलं, ते त्याच क्रमाने सांगतो.

आधी हिशोब, मग आभार

ही पायरी कोणी सांगत नाही, पण माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. बिघडलेल्या सहलीत पैसे हमखास बुडतात. आमचं मनालीचं बुकिंग गेलं, दिल्लीहून परतीची गाडी चुकली, नवी तिकिटं काढावी लागली. हे कोणी सोसायचं, हा प्रश्न मनात ठेवून माणूस जेवायला बसला, तर तुमचे शब्द कितीही गोड असोत, त्याच्या डोक्यात आकडेमोडच चालू राहते. म्हणून आमच्या खजिनदार वहिनींनी जेवणाच्या आदल्या दिवशीच वही उतरवून सगळ्यांना फोटो पाठवला. बुडालेले पैसे नऊ भागांत वाटले. दोघांनी शंका काढल्या, त्या फोनवर मिटल्या.

भांडणाचंही तसंच. बोलण्यातून समेट घडवायला जाऊ नका. समेट झालेला असेल तरच त्या प्रसंगाचं नाव घ्या.

काय बिघडलं होतं, ते दोन वाक्यांत लिहा

कागद घ्या आणि बिघाड दोन वाक्यांत मांडून बघा. आमचा असा होता: ‘कल्प्याहून थेट काझाला गेल्यामुळे काकूंना उंची बाधली. त्याच रात्री बर्फ पडून कुंझुम खिंड बंद झाली आणि पुढे जायचं की मागे, यावरून आमचे दोन तट पडले.’ यापलीकडे तपशील लागत नाही. समोर बसलेले सगळे तिथेच होते, त्यांना प्रवासवर्णन नको असतं.

पण नेमकं कारण मात्र तुम्हाला कळलेलं हवं, नाहीतर आभार भलत्यालाच जातात. मूळ आखणीत कल्पा आणि काझा यांच्यामध्ये ताबोला एक मुक्काम होता, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तो मुक्काम कापला गेला आणि बंड्याच्या आईला, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकूंना, रात्री डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. मनालीकडे जाताना लागणारी कुंझुम साडेचार हजार मीटरच्याही वर. म्हणजे खिंड उघडी असती, तरी त्या अवस्थेत काकूंना तिकडून नेणं चूकच ठरलं असतं. उंची बाधली आणि त्रास वाढत असला, तर खाली उतरणं हाच खरा उपाय. हे लिहून काढल्यावर मला कळलं की आपण ज्याला ‘नशिबाने वाचलो’ म्हणतोय, ते नशीब नव्हतं. कोणीतरी ठामपणे ‘खाली’ म्हणालं होतं.

प्रत्येकाच्या नावापुढे एकच कृती

आता नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याने केलेली, डोळ्यांना दिसेल अशी एक गोष्ट. ‘धीर दिला’, ‘सांभाळून घेतलं’ हे खोडा. धीर दिला म्हणजे काय केलं? माझ्या पहिल्या कागदावर शेठपुढे ‘खूप मदत केली’ असं होतं. वहिनींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, तो उतरताना दिवसभर काकूंशेजारी प्लॅस्टिकची पिशवी उघडून धरून बसला होता. प्रत्येक वळणावर.’ मी पुढच्या सीटवर होतो, मला दिसलंच नव्हतं. तेव्हा निदान दोघांना तरी विचाराच. आपल्याला सहल आपल्या सीटवरूनच दिसलेली असते.

एखाद्यापुढे काहीच सुचत नसेल, तर खोटं लिहू नका. आमच्यातल्या एकाने त्या दोन दिवसांत खरंच काही केलं नव्हतं, फक्त गप्प बसला होता. बाकीचे सगळे एकाच वेळी बोलत असताना गप्प बसणं ही मदतच होती, आणि तेच मी म्हटलं. सगळ्यात जास्त हशा तिथेच आला.

जे सहलीत नव्हते, त्यांना विसरू नका. माझा भाचा इथे नाशिकमध्ये होता. एसीची तत्काळ तिकिटं आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतात आणि एका तिकिटावर चारच नावं बसतात. आम्ही नऊ. त्याने घरातल्या तिघांची खाती उघडून तीन मोबाइल ओळीने टेबलावर ठेवले. त्याला जेवायलाही बोलवा. नुसतं नाव घेणं कमी पडतं.

ज्याची चूक, त्याचं काय?

इथे बहुतेक भाषणं घसरतात. चूक गाळली तर सगळं गुळगुळीत होतं, सांगितली तर एक जण ताटात बघत बसतो. माझी पद्धत अशी की स्वतःची चूक आधी आणि पूर्ण सांगायची. ताबोचा मुक्काम मीच कापला होता, एक दिवस वाचवायला. ते पहिल्या वाक्यात आल्यावर पुढे कोणालाही आपण आरोपी आहोत असं वाटत नाही.

दुसऱ्याची चूक असेल, तर त्याला आधी फोन करा. शेठचा आग्रह होता की दोन दिवस थांबू, खिंड उघडेल. मी विचारलं, ‘तुझं हे सांगू का रे?’ तो म्हणाला, ‘सांग, पण हट्ट म्हणू नकोस.’ मग मी तो शब्द टाळला. शेठ ‘नको’ म्हणाला असता, तर पिशवी ठेवली असती आणि वाद काढून टाकला असता.

क्रम, वेळ आणि जागा

वयाच्या किंवा मानाच्या क्रमाने आभार मानले की यादी होते. घटना घडल्या त्या क्रमाने माना, म्हणजे गोष्ट पुढे सरकते आणि आभार तिच्यासोबत जातात. माझ्या वेगाने साडेतीनशे शब्दांना तीन मिनिटं लागतात. त्याहून लांब लिहू नका, कारण मध्ये कोणीतरी बोलणारच, आणि त्याला बोलू द्यायचं असतं. मोबाइल लावून एकदा मोठ्याने वाचा. जिथे घसा दाटेल, तिथलं वाक्य छोटं करा.

जेवणानंतर बोलायचं ठरवू नका. तोवर कोणी बडीशेप चघळत असतो, कोणी गाडी बोलावत असतो. ऑर्डर दिल्यावर जेवण यायला वीसेक मिनिटं लागतात, तीच तुमची वेळ. मॅनेजरला आधी विचारून घ्या, शेजारच्या टेबलावर वाढदिवस आहे का. असेल, तर केक कापून गाणं वाजून जाऊ द्या. लांब टेबलाच्या टोकाला उभं राहू नका, मध्यावर राहा, म्हणजे ओरडावं लागत नाही.

पेल्यात काय, हेही सहलीतूनच शोधा. नाशिक आहे, वाइन कोणीही सुचवेल. पण आमच्यात तिघं घेत नाहीत, आणि आमच्या गोष्टीत एक पेय आधीच होतं. मी जेवणाआधी दहा चहा सांगितले. वेटरने दोनदा विचारलं, ‘आत्ता? जेवणाआधी?’

शेवटी बोललो ते साधारण असं:

‘मंडळी, ताबोचा मुक्काम मी कापला. एक दिवस वाचवला आणि काकूंची एक रात्र खराब केली. काकू, माफ करा. त्या रात्री डॉक्टरांनी आयुष्यभर दात बघितलेल्या हातांनी ऑक्सिमीटर लावला आणि एवढंच म्हणाले, “उजाडलं की खाली.” आम्ही तासभर वाद घातला, ते वाक्य त्यांनी बदललं नाही. डॉक्टर, त्याबद्दल आभार. शेठला थांबायचं होतं. एकदा निघायचं ठरलं, तेव्हा तो मागच्या सीटवर गेला आणि दिवसभर पिशवी धरून बसला. शेठ, मी ते पाहिलं नव्हतं, वहिनींनी सांगितलं. वहिनी, त्या गोंधळातही तुम्ही पेट्रोलची पावती मागत होतात, म्हणून आज कोणाचं कोणाकडे काही राहिलेलं नाही. भाच्या, तुझे तीन मोबाइल नसते, तर आपण अजून दिल्लीत असतो. आणि काकू, रिकाँग पिओला गाडी थांबली, तेव्हा दीड दिवसात पहिल्यांदा तुम्ही तोंड उघडलंत आणि म्हणालात, “चहा मिळेल का रे, आलं घालून?” त्या क्षणी आमची सहल वाचली. तेव्हा हा चहा काकूंच्या नावाने.’

बंड्याच्या आभाराचं वाक्य यात नाही, कारण ते बोललोच नाही. तो उठून बाहेर गेला होता. कोणी उठून गेलं, तर थांबू नका आणि हाकही मारू नका. त्याचं वाक्य मी नंतर पार्किंगमध्ये त्याला एकट्याला सांगितलं.

एक गोष्ट आयत्या वेळी सुचली होती, पण आधी ठरवायला हवी होती. आमच्या किन्नौरी चालकाला मी जेवणाच्या आधी फोन लावला होता, तेव्हा रेंज नव्हती. चहा चालू असताना त्याचाच उलटा फोन आला. मोबाइल टेबलाच्या मध्ये ठेवला. त्याने आमच्यापैकी कोणाचीच चौकशी केली नाही, फक्त विचारलं, ‘माताजी ठीक हैं?’ काकू मोबाइलकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या, ‘ठीक है, चाय पी रही हूँ.’